स्टोअर्स एक्झिक्युटिव्हची मुलाखत: २४ बेअरिंग गेली कुठे?

स्टोअर्सच्या मुलाखतीला निघालेला माणूस व्याख्या घोकून जातो. एबीसी अ‍ॅनालिसिस म्हणजे काय, फिफो म्हणजे काय, ईओक्यूचं सूत्र काय. चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी मी गेलो तेव्हा त्या सगळ्या व्याख्या पहिल्या पाच मिनिटांत उरकल्या. पुढचा तासभर फक्त तीनच गोष्टींवर गेला: मोजणी, शॉर्टेज आणि रीऑर्डर. भोसरीच्या एका छोट्या युनिटमध्ये स्टोअर असिस्टंट म्हणून मी हीच कामं करत होतो. पण काम करणं वेगळं आणि समोरच्याला ते ओळीने सांगणं वेगळं. म्हणून कोणते प्रश्न आले आणि काय उत्तर दिलं ते इथे लिहितोय.

समोर तिघं होते. स्टोअर्सचे मॅनेजर, अकाउंट्सच्या मॅडम आणि एचआरचा एक मुलगा. त्याने नोटीस पिरियड आणि शिफ्टचं विचारलं आणि नंतर तो मोबाइल बघत बसला.

पहिला खरा प्रश्न मॅनेजर सरांचा. "आमच्याकडे २४०० आयटम आहेत. प्लांट एक दिवसही बंद ठेवायचा नाही. वर्षभरात सगळा स्टॉक कसा मोजून काढाल?"

इथे "सायकल काउंट करेन" एवढं म्हणून थांबलात तर ते पुढे विचारतातच, रोज किती आयटम? त्यामुळे हिशोब तोंडावर हवा. मी म्हटलं, "सर, साधारण दहा टक्के आयटम ए, वीस टक्के बी आणि बाकीचे सी धरू. म्हणजे २४० ए, ४८० बी आणि १६८० सी. ए दर महिन्याला मोजायचे, बी तीन महिन्यांतून एकदा, सी वर्षातून एकदा. महिन्याला २४० अधिक १६० अधिक १४०, म्हणजे ५४० आयटम. पंचवीस कामाचे दिवस धरले तर रोज बावीसच्या आसपास. सकाळी पहिल्या तासात दोघं मिळून एवढं आरामात होतं. ३१ मार्चला ऑडिटर येतील तेव्हा ते नमुन्याचे आयटम तपासतील, आपल्याला सगळं नव्याने मोजत बसावं लागणार नाही."

लगेच त्यांनी अडकवायला विचारलं, "ए आयटम म्हणजे महाग आयटम ना?" नाही. ए ठरतो तो वर्षभरात वापरलेल्या मालाच्या एकूण किमतीवर. चार रुपयांचा बोल्ट वर्षाला पाच लाख नग लागत असेल तर तो वीस लाखांचा झाला आणि ए मध्ये गेला. आणि ऐंशी हजारांचा एखादा पार्ट तीन वर्षांत एकदा लागत असेल तर तो या हिशोबात सी मध्ये पडू शकतो. हे उत्तर उदाहरणासकट दिलं की मुलाखत घेणाऱ्याला कळतं, हा माणूस यादी स्वतः बनवतो.

मग आलं, "मोजताना माल हलला तर?" याचं उत्तर कट-ऑफ. मोजणी सुरू करण्याआधी त्या आयटमचा शेवटचा जीआरएन, म्हणजे माल आल्याच्या नोंदीचा नंबर आणि शेवटचा इश्यू स्लिप नंबर काउंट शीटवर लिहायचा. मोजणी होईपर्यंत त्या बिनमधून माल द्यायचा नाही. द्यावाच लागला तर ती स्लिप मोजणीच्या शीटला टाचून ठेवायची. आणि शीटवर सिस्टीमचा आकडा छापायचा नाही. आकडा समोर दिसला की मोजणारा त्याच्याजवळ येऊन थांबतो, हे मी रोज बघितलेलं आहे. कंपनीत सॅप होतं, म्हणून तिथले टप्पेही सांगितले: MI01 ने काउंटचं डॉक्युमेंट काढायचं, MI04 मध्ये मोजलेला आकडा भरायचा, MI20 मध्ये फरकाची यादी बघायची, आणि मंजुरी मिळाल्यावरच MI07 ने फरक पोस्ट करायचा. सॅप वापरलेलं नसेल तर हे पाठ करून जाऊ नका, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. बिनला लावून आवक-जावक लिहायचं बिन कार्ड आणि टॅली नीट सांगता येत असेल तरी चालतं.

बोल्ट-नट कसे मोजणार, हाही प्रश्न ठरलेला असतो. "वजनावर" एवढं सगळेच सांगतात. सरांना त्याच्या पुढचं हवं होतं. "नमुना किती नगांचा घ्याल, दहा की शंभर?" मी समोरच्या कागदावर मांडून दाखवलं. एम ८ च्या शंभर बोल्टचं वजन १ किलो ४०० ग्रॅम आलं असं धरू. ट्रेचं वजन वजा करून बिनमध्ये ३३ किलो ६०० ग्रॅम भरलं, म्हणजे २४०० नग. काट्याची चूक पाच ग्रॅम असेल तर शंभराच्या नमुन्यात ती चौदाशेमागे पाच, म्हणजे पूर्ण बिनमध्ये आठ-नऊ नगांचा फरक. तोच नमुना दहा नगांचा घेतला तर एकशे चाळीस ग्रॅममागे पाच ग्रॅम, म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास नग इकडेतिकडे. मग शॉर्टेज नसताना शॉर्टेज दिसते आणि माणसं उगाच धावपळ करतात. त्यात प्लेटिंगवाले आणि साधे बोल्ट एका ट्रेमध्ये आले असतील तर वजनाचा हिशोबच बाद. आधी हात घालून बघायचं, मग काटा.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग सरांनी माझ्याकडचा कागद ओढून घेतला आणि त्यावर लिहिलं: ६२०५ झेडझेड बेअरिंग. सिस्टीम ३४०, बिन कार्ड ३२०, रॅकवर ३१६. म्हणाले, "२४ कमी आहेत. मी तुमचा स्टोअर कीपर. काय विचारायचं ते विचारा, मी उत्तरं देतो."

शॉर्टेजचा प्रश्न कोणत्याही मुलाखतीत येतोच. पण असा आकड्यांसकट आला तर घाईने चोरी, सीसीटीव्ही वगैरे बोलू नका. आधी आकडे बघायचे. मी म्हटलं, "सर, ही २४ ची एक शॉर्टेज नाही, दोन वेगळ्या आहेत. सिस्टीम आणि बिन कार्डमध्ये २० चा फरक आहे, तो कागदांचा आहे. बिन कार्ड आणि रॅकमध्ये ४ चा आहे, तो मालाचा. दोन्ही वेगवेगळे शोधेन."

सर काही बोलले नाहीत, पण पेन खाली ठेवला.

"पहिलं म्हणजे ३१६ दुसऱ्या माणसाकडून मोजून घेईन. सीलबंद बॉक्स वेगळे, उघडलेला बॉक्स नग-नग करून."

"मोजले. ३१६ च."

"या आयटमची मोजणी शेवटची कधी जुळली होती?"

"गेल्या महिन्याच्या १० तारखेला."

हा प्रश्न फार कामाचा आहे. ज्या तारखेला तिन्ही आकडे जुळले होते, तिथून आजपर्यंतच्याच नोंदी बघायच्या. नाहीतर माणूस सहा महिन्यांचं लेजर उपसत बसतो. मी सांगितलं, "१० तारखेपासूनची सॅपमधली MB51 ची, म्हणजे आवक-जावक नोंदींची यादी काढून बिन कार्डाशेजारी ठेवतो आणि एकेक ओळ टिक करतो. सिस्टीममध्ये जास्त दिसतंय, म्हणजे एकतर इश्यू पोस्ट व्हायचा राहिलाय, किंवा जीआरएन झालाय आणि बिन कार्डवर आवक लिहायची राहिलीय. पण दुसरं खरं असतं तर रॅकवर बिन कार्डपेक्षा जास्त माल निघाला असता. इथे कमी निघालाय, म्हणून आधी इश्यूच्या मागे जाईन."

सर म्हणाले, "बिन कार्डवर शनिवारी सेकंड शिफ्टला २० ची इश्यू आहे. सिस्टीममध्ये नाही."

"मग स्लिप शोधेन."

"ट्रेमध्ये सापडली. पोस्ट झालेली नाही. आता काय, २० अ‍ॅडजस्ट करून टाकाल?"

इथे फसायला सोपं आहे. अ‍ॅडजस्ट करायचं नाही. तो माल हरवलेला नाही, लाइनवर गेलेला आहे. ज्या प्रॉडक्शन ऑर्डरची स्लिप आहे त्याच ऑर्डरवर सॅपच्या 261 मूव्हमेंटने इश्यू पोस्ट करायचा. तो फरक म्हणून टाकला तर स्टॉक जुळेल, पण त्या ऑर्डरच्या खर्चात २० बेअरिंग कमी लागतील आणि तेवढा खर्च स्टोअर्सच्या नावावर शॉर्टेज म्हणून चढेल. हे म्हटल्यावर मॅडमनी पहिल्यांदा मान वर केली.

उरले ४. त्यासाठी मी प्रश्नांचा क्रम असा ठेवला. आधी शेजारचा बिन: ६२०५ टू आरएस तिथे जादा निघतंय का? झेडझेडला लोखंडी पत्र्याचं झाकण असतं, टू आरएसला रबराचं, बाकी माप तेच, २५ बाय ५२ बाय १५. घाईत एकाच्या जागी दुसरं जातं. एक आयटम कमी निघाला की शेजारच्याचा जादा बघायचा, हा माझा पहिला नेम. सर म्हणाले, "तिथे बरोबर आहे." मग क्यूसी: तपासणीला कुणी नग नेलेत का? "हो, दोन टेबलावर पडलेत, स्लिप नाही." मग लाइनवरून परत आलेला माल आणि रिजेक्शनचा पिंजरा. "तिथे नाहीत." शेवटी आवक: जीआरएन करताना बॉक्स उघडून मोजले होते की लेबलवरचा आकडा धरला होता? "मोजले होते."

म्हणजे क्यूसीकडचे दोन धरून माल ३१८. दोन बेअरिंगचा पत्ता नाही.

"दोन बेअरिंग म्हणजे तीनशे रुपये," सर म्हणाले. "यासाठी एवढा वेळ घालवायचा? सोडून द्या ना."

माझं उत्तर असं होतं: "शोधण्यात वेळ घालवणार नाही सर, पण सोडणारही नाही. क्यूसीच्या दोन नगांची स्लिप आजच करून घेतो. उरलेल्या दोनची फरक नोंद करतो, कारणाच्या रकान्यात 'कारण सापडलं नाही' असंच लिहितो, आणि मंजुरीला पाठवतो. मंजुरी माझी नाही, जो मोजतो त्यानेच फरक पास करायचा नसतो. नोंदीत आयटम, शिफ्ट आणि शेवटची जुळलेली तारीख राहिली की पुढच्या महिन्यात हाच आयटम पुन्हा दोनने कमी आला तर तो योगायोग राहत नाही." चोरी हा शब्द मी मुद्दाम उच्चारला नाही. पुरावा हातात नसताना तो शब्द स्टोअर्सवाल्याने काढू नये असं माझं मत आहे, मग तो मुलाखतीतला काल्पनिक स्टोअर का असेना.

मॅडमचे दोनच प्रश्न होते, पण नेमके. पहिला: "शॉर्टेज राइट ऑफ केली तर जीएसटीचं काय?" मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं लागतं. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा राइट ऑफ केलेल्या मालावर क्रेडिट मिळत नाही, सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) मध्ये ते आहे. एंट्री अकाउंट्सची, पण कोणत्या आयटमचे किती नग आणि का, ही यादी महिना बंद व्हायच्या आत स्टोअर्सने द्यायची. दुसरा प्रश्न: "महिन्याचा निव्वळ फरक शून्य रुपये आला तर स्टॉक बरोबर आहे असं म्हणायचं का?" अजिबात नाही. एकीकडे पाच हजार जादा आणि दुसरीकडे पाच हजार कमी आले तरी बेरीज शून्यच येते. बावीस आयटम मोजले आणि वीस जुळले, तर अचूकता ९१ टक्के. ही टक्केवारी आणि जादा-कमी वेगवेगळी रक्कम, दोन्ही दाखवायचं.

रीऑर्डरचा प्रश्न सरांनी त्याच कागदावर काढला. "याच बेअरिंगची रीऑर्डर लेव्हल काढा. रोजचा सरासरी वापर २०, जास्तीत जास्त २८. माल यायला सात दिवस, उशीर झाला तर दहा."

सूत्र सोपं आहे. सरासरी वापर गुणिले लीड टाइम, २० गुणिले ७, म्हणजे १४०. वापर आणि उशीर दोन्ही वाईट बाजूला गेले तर २८ गुणिले १०, म्हणजे २८०. या दोहोंतला फरक १४०, तो सेफ्टी स्टॉक. रीऑर्डर लेव्हल २८०. मात्र हे सांगण्याआधी मी विचारलं, "सर, सात दिवस म्हणजे सप्लायरचे सात, की आपल्या मागणीपासून रॅकपर्यंतचे?" कारण मागणीवर सही होऊन पीओ निघायला दोन दिवस जातात, आलेला माल क्यूसीत एक दिवस पडतो. सप्लायर चार दिवसांत देतो म्हणून लीड टाइम चार धरला की लाइन थांबते आणि शिव्या स्टोअर्सला पडतात. सर हसले. म्हणाले, "रॅकपर्यंतचे."

"बरं. मग आज ऑर्डर टाकायची की नाही? ५० नग एका ऑर्डरसाठी राखून ठेवलेत. पेंडिंग पीओ नाही."

इथे सगळा धागा जुळला. सिस्टीमचा आकडा ३४०. त्यातून राखीव ५० गेले की २९०, म्हणजे लेव्हलच्या वर, सिस्टीम गप्प. खरा माल ३१८. त्यातून ५० गेले की २६८, म्हणजे लेव्हलच्या खाली. ऑर्डर टाकायची वेळ टळून गेलीय. ट्रेमध्ये पडून राहिलेल्या एका स्लिपमुळे रीऑर्डरची सूचना आलीच नाही. मी हे आकडे एकाखाली एक लिहून दिले आणि म्हटलं, "पंधरा दिवसांचा वापर म्हणून ३०० ची मागणी आजच टाकतो. सप्लायरचा कमीत कमी ऑर्डरचा आकडा वेगळा असेल तर तो बघून." ईओक्यूबद्दल विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं: सूत्र येतं, पण बेअरिंगसारख्या मालात पॅकिंग, सप्लायरचा किमान आकडा आणि रॅकवरची जागा हेच शेवटी ऑर्डरचा आकडा ठरवतात.

त्यावर एक चांगला प्रतिप्रश्न आला. "मशीनचा स्पिंडल तीन वर्षांत एकदा लागतो. त्याची रीऑर्डर लेव्हल काय?" वापरावरून काढायला गेलात तर शून्याच्या जवळ येते. तिथे सूत्र वापरायचंच नाही. स्पिंडल यायला किती आठवडे लागतील आणि तेवढा वेळ मशीन बंद राहिलं तर किती नुकसान, हे मेंटेनन्सला विचारून एक नग ठेवायचा की नाही ते ठरवायचं. असा नग नॉन-मूव्हिंगच्या यादीत येतोच, म्हणून त्याला इन्शुरन्स स्पेअर अशी वेगळी खूण करायची, नाहीतर कुणीतरी उत्साही माणूस तो भंगारात काढतो.

रात्रीचा प्रश्नही झाला. "रात्री दोन वाजता प्रॉडक्शनचा इंजिनिअर म्हणतो, स्लिप सकाळी देतो, आता माल दे. द्याल?" बरेच जण ठामपणे नाही म्हणतात. मला ते पटत नाही, लाइन थांबवणं हे स्टोअर्सचं काम नव्हे. मी म्हटलं, देईन, पण हाताने लिहिलेल्या इमर्जन्सी स्लिपवर, आयटम, नग, ऑर्डर नंबर आणि त्याची सही घेऊन. बिन कार्डवर तिथल्या तिथे नोंद. आणि सकाळी चहाच्या आधी ट्रे रिकामा, सगळ्या स्लिपा पोस्ट. पण त्याने झेडझेड संपलं म्हणून टू आरएस मागितलं तर मात्र देणार नाही. पर्यायी माल चालतो की नाही हे क्यूसी किंवा डिझाइनने लेखी कळवायचं असतं, स्टोअर्सने ठरवायचं नसतं.

जॉबवर्करकडच्या मालाबद्दल फक्त एक प्रश्न आला. तो माल आपल्याच स्टॉकमध्ये धरायचा, चलनवार शिल्लक काढायची, त्याच्याकडून सही-शिक्क्याचं शिल्लक पत्र घ्यायचं, आणि कच्चा माल एका वर्षाच्या आत परत येतोय ना हे बघायचं. वर्ष उलटलं तर माल पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून जीएसटी लागतो.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" झालं. पगार एचआरशी बोलणार होतोच, म्हणून मी विचारलं, "स्टोअर्सची चावी रात्री कुणाकडे असते?" सर मॅडमकडे बघून म्हणाले, "सिक्युरिटीकडे. आणि ते आम्हालाही बदलायचंय."

ऑफर आली तेव्हा मी एकच अट घातली. आधीचा माणूस जायच्या आत सगळे ए आयटम दोघांनी मिळून मोजायचे, आणि सिस्टीमचा आकडा, रॅकवरचा आकडा आणि फरक, तिन्ही रकान्यांच्या खाली दोघांच्या सह्या घ्यायच्या. पेंडिंग स्लिपा, क्यूसीतला माल आणि जॉबवर्करकडच्या उघड्या चलनांची यादी त्याच शीटला जोडायची. एचआरच्या मुलाला हे जरा जास्तच वाटलं. सरांनी "करून घ्या" म्हणून मेल टाकला, आणि ती शीट झाल्यावरच मी चार्ज घेतला.